विम्यात माझे पैसे नेमके जातात कुठे?

क्लेम नाही केला की हप्ता फुकट जातो ना? मग कंपनीला परवडतं कसं?

फुकट नाही जात, शेजाऱ्याच्या कामाला येतो. समजा वाडीत १०० घरं, प्रत्येकाकडे ६०,००० ची एक गाय, आणि वर्षाला साधारण २ गायी दगावतात. म्हणजे नुकसान १,२०,०००, ते सगळ्यांत वाटलं तर घरटी १,२०० रुपये. कोणाची गाय जाणार ते कोणालाच माहीत नाही, म्हणून तर सगळे वर्गणी भरतात.

पण घोळ असा की एखाद्या वर्षी ५ गायी गेल्या की ३ लाख लागणार आणि डब्यात फक्त १,२०,०००, झाली ना भांडणं! हेच १०,००० घरांचं केलं तर सरासरी २०० गायी, आणि बहुतेक वर्षी आकडा १७० ते २३० मध्येच राहतो, म्हणजे घरटी थोडी जास्त वर्गणी ठेवली की भागतं. कंपनी हेच करते, वर स्वतःचा खर्च आणि नफा लावते.

हे चालतं कधी, तर गायी सुट्या सुट्या मेल्या तरच. २०२२ ला लम्पी आला तसं एकदम सगळ्यांच्या गोठ्यात शिरलं तर शेजारी शेजाऱ्याला काय देणार, म्हणून गट लांबलांबच्या गावांचा लागतो. आणि हो, आजारी गाय घेऊन आयत्या वेळी गटात येणारे पण असतातच, त्यामुळे आधी तपासणी आणि कानात बिल्ला.