हापूसचा जीआय आणि बागायतदाराचा दर

प्रश्न : राजापूरला माझी हापूसची कलमं आहेत. जीआय मिळून इतकी वर्षं झाली, मला दर का वाढून मिळत नाही?

उत्तर : २०१८चा जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला आहे, पण ते वापरायला तुमची स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद लागते. मानांकन घेतलेल्या संस्थेमार्फत सातबारा जोडून अर्ज करा. सरकारी शुल्क फक्त १० रुपये आहे.

मात्र नोंद करूनही वाशीत दलालाकडे बिनखुणेची पेटी पाठवलीत, तर ती कर्नाटकच्या आंब्याशेजारीच लागणार. तो कापल्यावर पिवळा, आपला केशरी. पण पेटी बंद असताना गिऱ्हाइकाला काय कळणार? म्हणून पेटीवर जीआयचं चिन्ह, नोंदणी क्रमांक छापा आणि निदान थोडा माल थेट विका. फरक तिथेच हातात पडतो.