शेवटच्या तारखेचे शून्य आणि वर्षभराचे व्याज

प्रश्न : वार्षिक अहवालातल्या संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपेवरून मालकांच्या इतर कंपन्यांशी असलेले लागेबांधे कसे ओळखायचे? मला तिथे नुसती नावे आणि आकडे दिसतात.

ही टीप मी पहिल्यांदा नीट वाचली ती आमच्या भाऊजींशी झालेल्या वादामुळे, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आम्हा दोघांकडे प्लॅस्टिकचे डबे आणि पिंपे बनवणाऱ्या एका कंपनीचे समभाग होते. कंपनीची वर्षाची विक्री ६०० कोटी, नफा ३० कोटी आणि कर्ज बेताचे होते. अहवाल हाती आला की भाऊजी लेखापरीक्षकाचा अभिप्राय वाचत आणि तो स्वच्छ असला की अहवाल मिटून ठेवत. मीही बरीच वर्षे तेच केले. एका वर्षी मात्र एवढा नफा होऊनही कंपनीच्या हाती रोकड का उरत नाही, असा प्रश्न मला पडला. ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमा तपासता तपासता मी या टिपेपाशी पोहोचलो.

टिपेत आधी कोण कोणाचे कोण याची यादी असते, मग वर्षभरातले व्यवहार आणि शेवटी वर्षअखेरीस उरलेल्या बाक्या. बहुतेक जण यातला एखादाच भाग वाचतात. खरे काय ते व्यवहार आणि बाकी एकमेकांशेजारी, तेही तीन-चार वर्षांची मांडल्यावरच कळते. आमच्या कंपनीचा माल विकणारी एक खासगी कंपनी मालकाच्या मुलाच्या ताब्यात होती. पहिल्या वर्षी तिला ४८ कोटींचा माल विकला गेला आणि वर्षअखेरीस १२ कोटी येणे राहिले, म्हणजे तीन महिन्यांची उधारी. दुसऱ्या वर्षी विक्री ६० कोटी आणि येणे ३० कोटी झाले. तिसऱ्या वर्षी विक्री ६६ कोटी झाली आणि येणे ५५ कोटींवर गेले. उधारी दहा महिन्यांवर पोहोचली. कंपनीचे एकूण येणे १४५ कोटी होते, त्यामुळे ६०० कोटींच्या विक्रीशी ताडून पाहिल्यास जेमतेम तीन महिन्यांची उधारी दिसे आणि कोणालाही खटकत नसे. मात्र मुलाची कंपनी दोन्ही आकड्यांतून वजा केली की उरलेल्या ५३४ कोटींच्या विक्रीवर ९० कोटी येणे राहते, म्हणजे बाहेरचे ग्राहक दोन महिन्यांत पैसे देत होते आणि घरचा ग्राहक दहा महिने घेत होता. ही वजाबाकी अहवालात कुठेही करून दिलेली नसते; ती आपणच करायची.

दुसरी गोष्ट मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते. मालकाच्या आणखी एका कंपनीला ४० कोटींचे कर्ज दिले आणि ४० कोटी परत आले, अशी नोंद व्यवहारांत होती आणि बाकी शून्य होती. भाऊजींनी त्या शून्यावर बोट ठेवून म्हटले, ‘पैसे परत आले, विषय संपला.’ पण त्याच टिपेत थोडे खाली त्या कंपनीकडून ३.६ कोटी व्याज मिळाल्याची नोंद होती आणि व्याजाचा दर ९ टक्के दिला होता. ३.६ कोटींना ९ टक्क्यांनी भागले की ४० कोटी येतात. म्हणजे ती पूर्ण रक्कम जवळजवळ वर्षभर बाहेरच होती आणि ताळेबंदाच्या तारखेपुरती घरी आली होती. पुढच्या वर्षीच्या टिपेत पुन्हा तेच ४० कोटी दिलेले आणि परत आलेले दिसले. कंपनीच्या वर्षभराच्या नफ्यापेक्षा मोठी रक्कम मालकाच्या दुसऱ्या धंद्यात खेळत होती आणि ताळेबंदात तिचा मागमूस नव्हता. व्याज लावलेलेच नसेल तर हा हिशेब जमत नाही. तेव्हा बिनव्याजी कर्ज का दिले, हाच प्रश्न पुरेसा असतो.

चौथ्या वर्षी मुलाची कंपनी यादीतून नाहीशी झाली. तिचे समभाग मालकाच्या पुतण्याकडे गेले होते, हे मला कंपन्यांच्या नोंदवहीत त्या खासगी कंपनीची कागदपत्रे पाहिल्यावर कळले. पत्ता मात्र मूळ कंपनीचाच होता. संबंधित पक्षांविषयीच्या आयएएस २४ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकात निकटच्या कुटुंबीयांत पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींचा नावानिशी उल्लेख आहे, पुतण्याचा नाही. व्यवहारांवर त्याचा प्रभाव पडू शकतो की नाही, हे व्यवस्थापनाने ठरवायचे. म्हणून यंदाच्या यादीत कोण आहे यापेक्षा गेल्या वर्षीच्या यादीतले कोण यंदा नाही, हे आधी पाहावे. त्या चौथ्या वर्षीच्या टिपेत मुलाच्या कंपनीशी झालेली काही महिन्यांची विक्री होती, पण बाकी नव्हती. ते येणे फिटले नव्हते, इतर ग्राहकांच्या येण्यात मिसळले होते.

सर्व व्यवहार बाजारभावाने आणि परक्याशी करावेत तसेच केले आहेत, या वाक्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. पुरावा असेल तरच असे विधान करावे, असे मानक सांगते. पण तो पुरावा वाचकाला दाखवावा लागत नाही. एन्रॉनच्या २००० सालच्या अहवालातही अशी टीप होती. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती असलेल्या भागीदारी संस्थांशी व्यवहार झाल्याचे तीत लिहिले होते, पण त्या अधिकाऱ्याचे नाव नव्हते. तो वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो होता आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे टीप छापलेली होती. ती किती जणांनी नेटाने वाचली, हा प्रश्न आहे. भाऊजींना मी हे उदाहरण दिले तेव्हा ते म्हणाले, ‘तू काय सगळ्यांनाच चोर समजतोस का?’

समजत नाही, आणि हे मी आधीच लिहायला हवे होते. एकाच मालकाच्या कंपन्यांनी एकमेकींचा माल घेणे किंवा जागा भाड्याने देणे यात मुळात गैर काही नाही. वितरकाकडे हंगामापूर्वी माल भरून ठेवला असेल तर वर्षअखेरीची उधारी फुगलेली दिसू शकते. मात्र तसे असेल तर ती दरवर्षी साधारण तेवढीच फुगते, तीन महिन्यांवरून दहावर जात नाही. दोन कंपन्यांत एखादा संचालक समान आहे एवढ्यावरून त्या संबंधित ठरत नाहीत. शिवाय एकत्रित ताळेबंदात कंपनी आणि उपकंपन्या यांच्यातले व्यवहार वगळले जातात, म्हणून स्वतंत्र आणि एकत्रित अशा दोन्ही टिपा पाहाव्यात. मानकानुसार सारख्या स्वरूपाच्या रकमा एकत्र दाखवता येतात. तसे केले असेल तर वर केलेले माझे सगळे गणित अडते.

मी चौथ्या वर्षी समभाग विकले आणि त्यानंतर दीड वर्ष भाव चढतच राहिला. त्या काळात भाऊजींनी मला घरच्या प्रत्येक समारंभात त्याची आठवण करून दिली. पुढे कंपनीने ‘एका ग्राहकाकडील संशयित येणे’ म्हणून ६१ कोटींची तरतूद केली. त्या ग्राहकाचे नाव अहवालात नव्हते, आणि त्या वर्षीही लेखापरीक्षकाचा अभिप्राय स्वच्छच होता, हे भाऊजींनी मला फोन करून आवर्जून सांगितले.