सामान हलवायला रजा? साहेबांना कसं विचारू?

*ताई, मी रत्नागिरीत आंब्याच्या एका व्यापारी कंपनीत हिशेब बघते. पंचवीस-तीस जणांचं ऑफिस आहे. ३१ मेला झाडगावची भाड्याची जागा सोडायची आहे. नाचण्याला ब्लॉक घेतलाय, त्याची चावीही हातात आली. नवरा जहाजावर, घरात मी आणि सासूबाई. दोन दिवस रजा हवी आहे, पण मेअखेर आमच्याकडे बागायतदारांच्या पट्ट्यांची, म्हणजे त्यांच्या मालाच्या हिशेबाच्या कागदांची, धांदल असते. साहेब म्हणतील, “सामान हलवायला कसली रजा?” मैत्रीण म्हणते, सरळ तापाचं कारण सांग. काय करू?*
*— एक वाचक, रत्नागिरी*

तापाचं कारण नको. खोटं बोलू नये वगैरे नंतर, आधी रत्नागिरी केवढी ते बघ. तुझं कपाट ज्या टेम्पोतून जाणार, त्याच टेम्पोवाल्याने त्याच हंगामात तुमच्या ऑफिसच्या पेट्या वाहिल्या असण्याची शक्यता दांडगी आहे. त्यात तापाच्या माणसाला साहेब दुपारी फोन करणार आणि मागून हमाल ओरडणार, “वैनी, फ्रीज आडवा घालू काय?”

खरं कारण पुरेसं आहे. घोळ आहे तो तारखेचा. तू ३१ मे धरून बसली आहेस, पण ३१ ही जागा रिकामी करून द्यायची शेवटची तारीख आहे, सामान हलवायची नव्हे. नव्या घराची चावी हातात आहे ना? मग मेचा तिसरा किंवा चौथा शनिवार धर. मोठं सामान त्या दिवशी जाऊ दे. जुन्या घरात राहिलेलं किडूकमिडूक, झाडलोट, मालकाला चावी देणं, हे पुढच्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर होतं. एवढ्याने तुझी रजा महिनाअखेरीतून बाहेर पडते आणि साहेबांचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

जूनवर मात्र ढकलू नकोस. साहेब म्हणतीलही, “पट्ट्या उरकल्या की जा.” तोवर मृग आलेला असेल, आणि भिजलेली गादी पावसाळाभर वाळत नाही. मेच्या उत्तरार्धातसुद्धा वळवाचा भरवसा नसतो, आणि तो येतो बहुधा दुपारनंतर. म्हणून टेम्पो सकाळी सातला दारात हवा आणि ताडपत्री आहे ना हे त्याला आधीच विचारलेलं हवं. “अर्धा दिवस काम करून दुपारी निघ” हा तोडगा साहेब पुढे करतील. तो का चालत नाही याचं उत्तर इथेच आहे, ते त्यांना सांग. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला ते पटतं.

आता किती दिवस. सामान चढवायचा-उतरवायचा दिवस पक्का लागतो, कारण टेम्पो आणि हमाल त्या तारखेला बांधलेले असतात. दुसरा दिवस गॅस जोडायचा, सुतार बोलवायचा, खोकी फोडायचा. तो इकडेतिकडे सरकतो. म्हणून दोन दिवस एका गठ्ठ्यात मागू नकोस. शनिवार पूर्ण माग, रविवार सुट्टीचा आहेच, आणि सोमवारी अर्धा दिवस, तोही जमत असेल तर. शनिवार आणि सोमवार दोन्ही पूर्ण घेतलेस तर काही ऑफिसांत मधला रविवारही रजेत मोजतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते आस्थापनेच्या माणसाला आधी विचारून घे.

रजा शिल्लक आहे का तेही त्याच वेळी बघ. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी आहेत. त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात आणि वर्षअखेर उरलेल्या बुडतात. म्हणजे एप्रिल ते जूनच्या दोन तुझ्या खात्यात असायला हव्यात, आणि गणपतीची तिमाही त्यानंतरची आहे. शिमग्याला जास्तीच्या घेतल्या असशील तर मात्र अर्जित रजेतून माग. हे सगळं तुला माहीत असावं एवढ्यासाठी सांगितलं. साहेबांच्या टेबलावर कायदा आपटायला नव्हे. तिथे बागायतदार ताटकळलेले असताना कलम ऐकून कोणाचं मन वळत नाही.

आणि साहेबांना खरी भीती त्याचीच आहे. तू नाहीस आणि समोर पावसचा एखादा बागायतदार खुर्ची ओढून बसला, “माझी पट्टी कुठाय?” म्हणून, तर त्यांनी काय करायचं? तुझ्या रजेचा निकाल या एका प्रश्नावर लागतो. तेव्हा विचारायला जाण्याआधी त्याचं उत्तर तयार ठेव. शनिवारी देय असलेल्या पट्ट्या शुक्रवारी संध्याकाळी छापून, फाईलला लावून ठेवायच्या. बँकेतली देणी तू भरतेस आणि साहेब मंजूर करतात अशी पद्धत असेल तर शनिवारची देणीही शुक्रवारीच भरून ठेव, त्यांना फक्त मंजुरी द्यायची राहील. वजन-दराची तक्रार घेऊन कोणी आलं तर वही कुठे आहे हे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखव आणि त्याचा होकार घे. त्याला न विचारता साहेबांना त्याचं नाव सांगितलंस तर सगळं बिनसेल. तुझा पासवर्ड मात्र त्याला देऊ नकोस. त्याला स्वतःचं लॉगिन आहे का ते बघ.

साहेबांकडे जाण्याआधी आणखी एका ठिकाणी विचारायचं आहे, सासूबाईंना. त्यांनी पंचांग बघून दुसराच दिवस काढला तर तुला साहेबांसमोर तारीख बदलायला परत जावं लागेल, आणि ती दुसरी फेरी अवघड जाते. त्यांना तिसरा-चौथा असे दोन्ही शनिवार सांग आणि मुहूर्त त्यातच बसवायला लाव. फारच अडलं तर कलश आणि दूध उतू घालणं आदल्या संध्याकाळी होऊ शकतं, कपाटं मागून येतील.

मग किमान दोन आठवडे आधी, दुपारच्या चहाच्या सुमारास, गाड्या रवाना झाल्यावर तोंडी विचार. दोन शनिवार पुढे ठेव आणि निवड त्यांना करू दे. होकार मिळाला की त्याच दिवशी लेखी पाठव. साधारण असं:

“सर, दुपारी बोलल्याप्रमाणे शनिवार दि. — रोजी घर बदलण्यासाठी एक दिवसाची किरकोळ रजा आणि सोमवारी दुपारपर्यंत अर्धी रजा हवी आहे. शनिवारच्या पट्ट्या व देणी शुक्रवारी तयार करून ठेवते. त्या दिवशी चौकशीसाठी — असतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. दुपारी तीननंतर मी फोनवर उपलब्ध आहे. मंजुरी कळवावी.”

“दुपारी” च्या जागी तुझी वेळ घाल. घरमालक, कर्ज, नवरा जहाजावर, यातलं काही लिहू नकोस. तीननंतर फोनवर, हेही मुद्दाम आहे. “कधीही फोन करा” लिहिलंस तर करतील, आणि तू जिन्यात पलंगाच्या पाट्या धरून उभी असशील.

तरीही “नाही” आलं तर तिथेच हिरमुसून उठू नकोस. “मग मेमध्ये कुठला दिवस चालेल?” एवढंच विचार. आठवड्यातला मधलाच एखादा मिळाला तरी घे, मंगळवारी टेम्पोवालाही मोकळा असतो. आणि सोमवारचा अर्धा दिवस नाकारला तर भांडू नकोस. शेगडीची जोडणी रविवारी करून देतील का, एवढं गॅसवाल्याला आधी विचार. वीजबिलावरचं नाव बदलायचा अर्ज महावितरणकडे घरबसल्या भरता येतो. जुन्या घराच्या मीटरचा फोटो मात्र चावी देण्याआधी काढ, तारखेसकट.