वीसपैकी नऊ आले म्हणून

प्रिय मुली,

मूलभूत हक्कांचं प्रकरण संपवून आठवड्याने टेस्ट दिलीस, वीसपैकी नऊ आले, आणि लगेच ‘माझी स्मरणशक्तीच कच्ची, पुन्हा पहिल्यापासून वाचते’ असं लिहून मोकळी झालीस. वाचू नकोस. आधी चुकलेले अकरा प्रश्न समोर घे.

त्यातल्या सहांचं उत्तर पुस्तक उघडताच ‘अरे, हे तर माहीत होतं’ असं तुला वाटलं. ओळखता आलं, आठवता आलं नाही. तुझ्या प्लॅनमध्ये दोन दिवसांत तीन वाचनं आहेत, पण पुस्तक मिटून आठवणं एकदाही नाही. मग जे केलंच नाहीस ते आठव्या दिवशी कसं जमेल? रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं होतं. उतारा चार वेळा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 40 टक्केच आठवलं. एकदा वाचून तीनदा न बघता आठवणाऱ्यांना 61 टक्के. म्हणून सांगतो, पुस्तक मिट आणि आठव. तिसरं वाचन काढून टाक. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, अडलेलं तेवढंच पुस्तकात बघ, चौथ्या दिवशी पुन्हा तेच कर.

आणखी तीन प्रश्नांमध्ये सरमिसळ झाली आहे. प्रतिषेध आणि उत्प्रेषण हे वरच्या न्यायालयाचे दोन आदेश तू उलटे लिहिलेस. हे वेगवेगळ्या दिवशी कितीही वाचलंस तरी सुटणार नाही, शेजारी ठेवावं लागेल: खालच्या न्यायालयात प्रकरण चालू असताना थांबवतो तो प्रतिषेध, झालेला निर्णय रद्द करतो तो उत्प्रेषण.

उरलेले दोन मला जास्त टोचतात, कारण ते तू छातीठोकपणे चुकवलेस. ‘कलम 14 फक्त नागरिकांसाठी’, असं लिहिलंस. ते परकीयांनाही लागू आहे. नागरिकांपुरती आहेत ती 15, 16, 19, 29 आणि 30. हे तू विसरली नाहीस, पहिल्याच दिवशी चुकीचं समजलीस. ते आजच दुरुस्त कर.

बरोबर आलेल्या नऊंतही अंदाजाने किती मारले? पुढच्या वेळी अशा उत्तरासमोर खूण कर आणि ते चुकीतच धर. टेस्टच्या आदल्या रात्री नोट्स चाळू नकोस, नाहीतर आठवड्याने खरंच किती आठवतं ते कळणार नाही. प्रश्नही नवे घे, जुन्यांची उत्तरं पाठ होतात.

आमच्या अभ्यासिकेत कोऱ्या कागदाचा माझा हट्ट अनेकांना जाचक वाटला, काही मुलं सोडूनही गेली. त्याचं वाईट वाटतं, तरी हट्ट सोडला नाही आणि सोडणारही नाही. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि परीक्षेत हात थांबतो, हे मी फार जवळून पाहिलंय. पुस्तक मिट आणि आठव, बाई! कंटाळा येईल, आठवणार नाही, राग येईल. तरी लिही.

मार्गदर्शक तत्त्वांचं प्रकरण याच पद्धतीने कर. मला गुण कळवू नकोस, चौथ्या दिवसाच्या कागदाचा फोटो पाठव, खाडाखोडीसकट.