हम्द लिहिणाऱ्या तुला

सप्रेम सलाम.

अल्लाहच्या स्तुतीची तुझी हम्द मिळाली. भाषा साधी ठेवलीस, याचा फार आनंद झाला. आता तुझी पहिली ओळ पाहू: ‘आपके नाम से सवेरा हुआ है’. अदब म्हणून तू ‘आप’ लिहिलंस, पण हम्दमध्ये अल्लाहला ‘तू’ म्हणण्याचीच रीत आहे. तो एक आहे, म्हणून संबोधनही एकवचनी. आपणही विठ्ठलाला ‘तुम्ही’ म्हणत नाही. ‘आप’ नातसाठी राख, तिथे पैगंबरांना उद्देशून ते शोभतं.

शिवाय ‘आपके’मुळे ओळ अडखळते. तू धरलेली बहर ‘फऊलुन’ चार वेळा अशी आहे, म्हणजे लघु-गुरु-गुरु चार वेळा. हाच आपला भुजंगप्रयात, ‘मनाचे श्लोक’ ज्यात आहेत तो. तुझी ओळ त्या चालीवर म्हणून बघ, पहिल्याच ‘आ’ला ठेच लागेल, कारण तिथे लघु हवा. ओळ अशी कर:

तिरा नाम लेकर सवेरा हुआ है
तिरे नूर से सब उजाला हुआ है

‘तेरा’चं ‘तिरा’ करणं उर्दूत सर्रास चालतं. आता तोड: तिरा ना / म लेकर / सवेरा / हुआ है. मराठी कानाला एक गोष्ट नवी वाटेल. अक्षरं मोजली तर ‘कर’ आणि ‘सब’ हे दोन-दोन लघु. उर्दूत मात्र उच्चार मोजतात. ‘सब’ एका झटक्यात म्हटला जातो, म्हणून तो एक गुरु. तसंच ‘करम’ म्हणजे क-रम, लघु-गुरु. लिहिलेलं मोजू नकोस, मोठ्याने म्हण आणि ऐकू येईल ते मोज.

आता ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबलो ती:

मुझे भूल कर तू पराया हुआ है

वजन चोख आहे, ‘सवेरा’, ‘उजाला’, ‘पराया’ हा काफियाही जुळतो. तरी ही ओळ हम्दमध्ये राहू शकत नाही. गझलेत प्रियकराने अशी तक्रार करावी, ती तिथे गोड लागते. पण अल्लाह विसरतो असं म्हणणं श्रद्धेलाच छेद देतं. कुरआनच्या सूरह मरयममध्ये (आयत ६४) स्पष्ट सांगितलं आहे की तुझा रब विसरणारा नाही. चूक एका शब्दाची नाही, कर्त्याची आहे. विसरणारा बदल:

कहाँ ढूँढता मैं सुकूँ इस जहाँ में
तुझे भूल कर दिल अकेला हुआ है

वजन तेच, एकटेपणही तेच. फक्त उणेपणा आता बंद्याकडे आला, आणि स्तुती त्या कबुलीतूनच उमटली. वजन बरोबर आलं की आपण ओळीवर भाळतो आणि अर्थ तपासायचा राहून जातो. म्हणून प्रत्येक क्रियापदाला विचार, हे काम कोण करतंय?

उरलेल्या दोन शेरांत तू ‘रूठना’ आणि ‘थकना’ वापरलं आहेस. त्यांचे कर्ते तपास आणि मला नवे मिसरे पाठव.

तुझा,
उस्ताद