अंध उमेदवाराने डेटा एन्ट्री आणि कॉल सपोर्टच्या कव्हर लेटरमध्ये काय लिहावं?

प्रश्न: मी पूर्ण अंध आहे, बी.ए. झालंय, टायपिंग इंग्रजी 40 आणि मराठी 30. पुण्यात एका कंपनीत डेटा एन्ट्री + फोन सपोर्टची जागा आहे. कव्हर लेटरमध्ये अंध असल्याचं सांगू का? आणि स्क्रीन रीडरचं कसं लिहू म्हणजे घाबरणार नाहीत?

उत्तर: सांगा. मी स्वतः अंध आहे, फोन सपोर्टमध्येच काम करतो आणि माझं मत पक्कं आहे की या दोन कामांसाठी तरी लपवण्यात काही फायदा नाही. कारण मुलाखतीच्या आधी बहुतेक ठिकाणी टायपिंग टेस्ट असते आणि कितीतरी टेस्टमध्ये बघून टाइप करायचा मजकूर चित्र म्हणून टाकलेला असतो, स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचत नाही. तुम्ही आधी बोलला नसाल तर तिथे शून्य मार्क पडतात आणि एचआरला वाटतं याला टायपिंगच येत नाही. शिवाय कॉम्प्युटर कोर्स अंधांच्या संस्थेतून केला असेल तर रेझ्युमेवरून ते कळतंच.

पण पहिल्या ओळीत नको. पहिला परिच्छेद कोणत्याही उमेदवाराचा असतो तसाच ठेवा: कुठली जागा, शिक्षण, टायपिंग स्पीड, कुठल्या भाषा बोलता, आधी फोनवर काही काम केलं असेल तर ते. दुसऱ्या परिच्छेदात एकदाच सगळं सांगून टाकायचं. मी असं लिहीन:

> "मी पूर्ण अंध आहे. कॉम्प्युटरवर मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. तो स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतो आणि मी सगळं काम कीबोर्डवरून करतो. एक्सेल, वर्ड, ईमेल आणि ब्राउझरमधले फॉर्म मला सवयीचे आहेत. कॉल घेताना ग्राहकाचा आवाज एका कानात आणि स्क्रीन रीडरचा दुसऱ्या कानात असतो, त्यामुळे बोलता बोलता नोंद करता येते आणि ग्राहकाला स्क्रीन रीडर ऐकू जात नाही. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, फक्त इन्स्टॉल करायला आपल्या आयटी विभागाची परवानगी लागेल. टायपिंग टेस्टचा प्रकार किंवा लिंक आधी कळवल्यास ती स्क्रीन रीडरवर चालते का ते मी तपासून सांगेन. तसंच आपलं काम ब्राउझरमध्ये चालतं की रिमोट डेस्कटॉपवर, आणि एन्ट्रीसाठी माहिती कुठल्या स्वरूपात येते, हे कळवावं ही विनंती."

यातलं जे लिहाल ते खरं असू द्या, एक्सेल येत नसेल तर काढून टाका. दोन कानांचं वाक्य मात्र ठेवाच, कारण समोरच्याच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की हा ऐकणार कुणाचं, ग्राहकाचं की कॉम्प्युटरचं. घरी बसवून बघा आधी: कॉलसाठी एका कानाचा यूएसबी हेडसेट, दुसऱ्या कानात साधा इअरफोन, आणि एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ऑडिओ विभागात आउटपुट डिव्हाइस म्हणून तो इअरफोन निवडायचा. मग एखाद्या मित्राला फोन लावा, बोलत बोलत त्याचं नाव, पत्ता, तक्रार एक्सेलमध्ये भरा आणि त्याला विचारा मागे यंत्राचा आवाज येतोय का. मुलाखतीत हेच करून दाखवता आलं तर फार समजावत बसावं लागत नाही.

आयटीच्या परवानगीचं वाक्य काहींना जास्तीचं वाटतं. पण ऑफिसच्या मशीनवर बऱ्याचदा पेनड्राइव्ह बंद असतो, त्यामुळे पोर्टेबल एनव्हीडीएचा भरवसा धरू नका, आणि चाललं तरी ते विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर बोलत नाही, इन्स्टॉल केलेलंच लागतं. जॉइन झालात आणि परवानगीच आली नाही म्हणून मशीनपुढे नुसतं बसून राहायचं, ही वेळ येऊ नये म्हणून आधीच कानावर घालायचं.

रिमोट डेस्कटॉपचं का विचारायचं, तर तिथे समोरच्या मशीनची स्क्रीन तुमच्याकडे नुसतं चित्र म्हणून येते. तुमच्या मशीनवर एनव्हीडीए असूनही आत काय चाललंय ते त्याला कळत नाही, त्या दुसऱ्या मशीनवरही स्क्रीन रीडर लागतो. ब्राउझरमध्ये काम असेल तर बरंच सोपं, तरी डेमो मागून टॅब दाबत फिरून बघा. प्रत्येक ठिकाणी नुसतं "बटन, बटन" ऐकू आलं तर बटनांना नावं दिलेली नाहीत, ते त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्यांना दुरुस्त करावं लागेल आणि ते तेव्हाच स्पष्ट सांगा.

आता डेटा एन्ट्रीचं, इथे मी थोडं कडक बोलतो. एन्ट्रीला माहिती येते कशी यावरच सगळं आहे. ईमेल, एक्सेल, टाइप केलेली पीडीएफ किंवा रेकॉर्ड केलेला आवाज असेल तर काम होतं. स्वच्छ छापील कागद स्कॅन केलेला असेल तर ओसीआरने वाचता येतो, पण आकडे पुन्हा पडताळावे लागतात. हाताने भरलेल्या फॉर्मचे स्कॅन असतील तर ओसीआरवर विसंबून एन्ट्री करू नका, एखादा मोबाईल नंबर चुकला तर पकडायला तुमच्याकडे काही साधन नाही. अशा वेळी "या प्रकारची एन्ट्री मला जमणार नाही, कॉल आणि ईमेलवरच्या नोंदी पूर्ण घेईन" असं स्वच्छ सांगा.

मराठी एन्ट्री असेल तर अजून एक विचारा, डेटा युनिकोडमध्ये आहे का. जुन्या ऑफिसांमध्ये श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमधल्या फायली अजून निघतात. डोळस माणसाला तिथे मराठी दिसतं पण आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो आणि काही अर्थ लागत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करून दिलं तर प्रश्न मिटतो. युनिकोडमध्येही ऱ्हस्व-दीर्घ कानाला बहुतेक सारखंच लागतं, म्हणून आडनावं आणि गावांची नावं बाणाच्या कीने अक्षर-अक्षर ऐकून तपासायची, मोबाईल नंबरही तसाच. "नोंदी मी अक्षर-अक्षर ऐकून तपासतो" असं एक वाक्य पत्रात घातलंत तर ते तुमच्या बाजूने जातं.

पत्रात काय नको: अंधत्व कशामुळे आलं, किती टक्के, घरची परिस्थिती, "एक संधी द्यावी". यूडीआयडी कार्डाची कॉपी आत्ता जोडू नका, ते जॉइनिंगच्या वेळी मागतील. कायद्याची कलमंही नकोत, पण तुम्हाला माहीत असू द्या: 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी कंपन्यांनाही लागू आहे आणि 2017 च्या नियमांप्रमाणे 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, त्यात अशा कर्मचाऱ्यांची व्यवस्था बघणारा संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. एचआर "बघू, कळवतो" करत राहिले तर ते धोरण कुठे आहे आणि तो अधिकारी कोण, एवढं ईमेलवर विचारायचं.

पाठवायच्या आधी वर्डमध्ये इन्सर्ट दाबून एफ दाबा, एनव्हीडीए कर्सरच्या जागचा फॉन्ट, साइज आणि रंग सांगतो. वरचा परिच्छेद इथून कॉपी केलात तर तो वेगळ्या फॉन्टमध्ये किंवा करड्या रंगात चिकटू शकतो आणि ऐकताना पत्ता लागत नाही. प्रत्येक परिच्छेदावर एकदा तपासा, सगळं सारखं करा, मग पीडीएफ करून पाठवा.