चिंचेखाली बसलेले सरपंच आणि खुनाचे पाच अपवाद

*“सर, मी परभणीत एलएलबी करते. खुनाचे अपवाद रोज घोकते, पण पेपरात चौथा-पाचवा आठवतच नाही. आठवला तरी मार्क कापतात. ताईच्या जुन्या नोट्समध्ये कलमही वेगळंच आहे. काय करू?”*

आधी कलमाचं बघू. ताईच्या नोट्समधलं ३०० हे भारतीय दंड संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिथे खून कलम १०१ मध्ये आहे. अपवाद तेच पाच आणि क्रमही तोच, म्हणून नोट्स फेकू नकोस, फक्त आकडा बदल.

आता एक वाक्य पाठ कर: “चिंचेखाली बसले सरपंच भांडण संपवायला.” चिं म्हणजे चिथावणी, ब म्हणजे बचावाच्या हक्काची मर्यादा ओलांडणं, सरपंच म्हणजे लोकसेवक, भांडण म्हणजे अचानक जुंपलेलं भांडण आणि सं म्हणजे मेलेल्याची स्वतःची संमती (तो अठराच्या पुढचा हवा). सरपंच मी मुद्दाम घेतले. नुसत्या ‘स’वरून संमती आणि सरकारी माणूस यांची गल्लत होते.

पण या वाक्यातून नुसती नावं मिळतात, आणि तुझे मार्क कापले जातात ते अटींवर. त्यासाठी कार्डं कर. ‘पाच अपवाद लिहा’ असं कार्ड करू नकोस, त्यात पहिले दोन पक्के होतात आणि शेवटचे कच्चेच राहतात. एका कार्डावर एकच घटना आणि एकच प्रश्न असू दे.

उदाहरणार्थ, पुढच्या बाजूला लिही: बायकोची कबुली ऐकून नवरा घरातून निघाला, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, तिच्या प्रियकराला शोधून गोळी घातली. मध्ये जवळपास तीन तास गेले. पहिला अपवाद लागेल का? मागे: नाही. राग शांत व्हायला वेळ मिळाला होता, शिवाय पुढची वागणूक ठरवून केलेली दिसते. नानावटी खटला, सर्वोच्च न्यायालय, १९६१.

दुसऱ्या कार्डावर हीच घटना ठेव, पण एक गोष्ट बदल: कबुली ऐकताना प्रियकर समोरच होता आणि नवऱ्याने त्याच क्षणी हाताला लागलेली काठी घातली. इथे अपवादाची वाट उघडते. तिसऱ्यात आरोपीनेच मारायला निमित्त हवं म्हणून आधी डिवचलं होतं; इथे ती पुन्हा बंद होते. अशी जोडीची कार्डं केलीस की अट कुठे तुटते ते आपोआप दिसायला लागतं.

उत्तर तोंडाने बोलून मगच कार्ड उलट. चुकलेलं उद्या, बरोबर आलेलं तीन दिवसांनी, नंतर आठवड्याने. गठ्ठा दरवेळी पिसून घे, नाहीतर कार्डांचा क्रमच पाठ होतो. रूममेटला मधूनच “चौथा कोणता?” असं विचारायला सांग. पहिल्यापासून मोजावं लागलं, तर अजून आठवडाभर चिंचेखालीच बस.